कॉलनीच्या स्विमिंग पूलला आठ फूट खोली कशाला?

वर्धा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावाबाहेर शेत एनए करून चव्वेचाळीस घरांची कॉलनी झाली. बगिच्यासाठी सोडलेल्या जागेतला ६० फूट लांब आणि ४५ फूट रुंद तुकडा पूलसाठी काढायचा, असं कमिटीनं ठरवलं आणि मला बोलावलं. नकाशा त्यांनी आधीच वहीच्या पानावर काढून ठेवला होता. पूल ४० बाय १६ फूट, एका टोकाला तीन फूट पाणी, दुसऱ्या टोकाला आठ.

मी म्हटलं, आठ फूट कशाला? कमिटीतले एक काका लगेच म्हणाले, "आठ फूट तं पाह्यजेच जी. नाहीतं पोट्ट्यायनं सूर कुठं माराचा?"

त्यांचा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. आपल्याकडं पोहणं विहिरीत शिकतात. कमरेला वाळलेला भोपळा नाहीतर तेलाचा रिकामा डबा बांधायचा, काकानं ढकलून द्यायचं, आणि चार-आठ दिवसांत पोरगा काठावरून मुटका मारायला लागतो. विहिरीला तीस-चाळीस फूट पाणी असतं, त्यामुळं सूर मारला तरी तळ लागत नाही. ही सवय अंगात मुरलेला माणूस पूलच्या काठावर उभा राहतो तेव्हा त्याला पाणी दिसतं, तळ किती वर आहे ते जाणवत नाही.

आणि आठ फूट पाणी सूर मारायलाही पुरत नाही. स्पर्धेच्या तलावात एक मीटर उंच स्प्रिंगबोर्डखाली अकरा फुटांहून जास्त पाणी लागतं. काठावरून सूर मारणाऱ्याला तेवढं लागत नसलं तरी तो सरळ खाली जात नाही, तिरका पुढं जातो. छोट्या पूलमध्ये पुढं गेलं की तळ वर चढायला लागतो आणि हात सुटलेलं डोकं त्या चढावर आदळतं. मान मोडते ती अशी. थोडक्यात, आठ फूट म्हणजे उभं राहायला फार खोल आणि सूर मारायला फार उथळ.

पण त्या वहीच्या पानावर मला सगळ्यात जास्त भीती वाटली ती मधल्या भागाची. पहिले १६ फूट सपाट, तीन फूट पाण्याचे. शेवटचे १४ फूट सपाट, आठ फूट पाण्याचे. म्हणजे मधल्या १० फुटांत तळ पाच फूट खाली उतरतो, दर दोन फुटांना एक फूट. दवाखान्यातला व्हीलचेअरचा रॅम्प आठवा. तो बारा फुटांत एक फूट उतरतो, तरी आजींना तिथं हात धरावा लागतो. इथला उतार त्याच्या सहापट, वर ओल्या गुळगुळीत टाइल, त्यावर हाताला जाणवेल न जाणवेल असा शेवाळाचा पापुद्रा. छातीभर पाण्यात खेळणारं आठ वर्षांचं पोरगं एक पाऊल पुढं टाकतं, पाय घसरतो. पाण्यात शरीर हलकं झालेलं असतं, त्यामुळं पाय रोवून मागं चढता येत नाही. दोन सेकंदांत ते डोक्यावरच्या पाण्यात. वरून पाहणाऱ्याला पाण्याचा पृष्ठभाग मात्र सगळीकडं सारखाच दिसतो.

म्हणून खोली फुटपट्टीनं ठरवायची नसते, माणसाच्या उंचीनं ठरवायची असते. पाच फूट उंचीच्या बाईची हनुवटी साधारण चार फूट चार इंचांवर येते. चार फूट पाणी तिच्या खांद्याला लागेल, तोंड मोकळं राहील. साडेचार फूट केलं तर ओठ पाण्याखाली, मग ती पंजांवर उभी राहणार आणि पंजांवर उभा माणूस लवकर दमतो, लवकर घाबरतो. चार फूट उंचीच्या मुलाची हनुवटी साधारण साडेतीन फुटांवर. त्याची हद्द सव्वातीन फुटांपाशी संपली पाहिजे. या दोन आकड्यांवर अख्खा पूल बसवता येतो.

आम्ही शेवटी असा बसवला. उथळ टोकाला अडीच फूट. तिथून वीस फुटांत तळ फक्त नऊ इंच उतरतो, म्हणजे सव्वातीन फूट. चालताना हा उतार पायाला कळतही नाही. पुढच्या चौदा फुटांत आणखी नऊ इंच, म्हणजे चार फूट. शेवटचे सहा फूट चार फुटांवर सपाट. पूलमध्ये कुठंच मोठ्या माणसाच्या डोक्यावरून पाणी जात नाही, आणि कुठंही एकदम पाऊल खाली जात नाही. सव्वातीन फुटांची रेषा जिथं येते तिथून एक फूट अलीकडं, उथळ बाजूला, लाल-पांढऱ्या तरंगत्या मण्यांचा दोर दोन्ही भिंतींच्या हुकांना बांधलाय. लहान मुलांना फक्त एवढंच सांगायचं की दोराच्या पलीकडं जायचं नाही. तळावर त्याच जागी गडद टाइलची एक आडवी पट्टी आहे, म्हणजे दोर काढला तरी हद्द दिसते.

खोली काठावरही लिहायची आणि पाण्याच्या वर भिंतीवरही, कारण पाण्यात असलेल्याला काठावरचं दिसत नाही. फुटांतच लिहा. मीटर कुणाला डोळ्यासमोर येत नाही. चार फुटांच्या आकड्याशेजारी "सूर मारू नका" असं ठळक. "डायव्हिंग निषिद्ध" लिहिलेल्या पाट्या मी पाहिल्यात, पण विहिरीत शिकलेल्या पोराला "सूर" हा शब्द चटकन भिडतो.

कमिटीतल्या एका ताईंना तळावर निळ्या टाइलमध्ये डॉल्फिनचं चित्र हवं होतं. त्याला मी ठाम नाही म्हटलं. तळाला बुडालेलं मूल वरून हलत्या पाण्यातून एक धूसर आकार दिसतं. तिथं आधीच एक गडद आकार असेल तर नजर त्याला चित्रच समजते. तळ पांढरा किंवा अगदी फिका निळा, बास. डॉल्फिन आता कंपाउंडच्या भिंतीवर आहे.

खोली कमी केल्याचा हिशोब पाण्यातही दिसला, आणि कमिटी पटकन मानली ती यामुळंच, हे कबूल केलं पाहिजे. वहीतल्या पूलमध्ये साधारण ९७ हजार लिटर पाणी मावलं असतं. आमच्यात ६० हजार. फरक ३७ हजारांचा, म्हणजे ट्रॅक्टरमागच्या पाच हजार लिटरच्या टँकरनं सात फेऱ्यांहून जास्त. मे महिन्यात गावात टँकर सुरू असताना कॉलनीचा पूल कितीही स्वच्छ असला तरी लोकांच्या डोळ्यात खुपतोच.

उन्हाळ्यात उडून जाणारं पाणी मात्र खोलीवर नाही, वरच्या क्षेत्रफळावर ठरतं. ४० बाय १६ च्या पूलमधून रोज एक सेंटीमीटर पाणी उडालं तर सहाशे लिटर झालं, म्हणजे दोनशेचे तीन ड्रम. कडक उन्हाळ्यात, गरम वारा सुटला की इकडं एवढं सहज उडतं, कधी त्याहून जास्तही. पाणी उतरलं की लोक "पूल गळतोय" म्हणून ओरडतात. गळतोय की उडतंय हे ओळखायची रीत सोपी आहे. एक बादली पाण्यानं भरून पूलच्या पायरीवर ठेवा, निम्म्याहून जास्त बुडेल अशी. बादलीच्या आतल्या पाण्याची आणि बाहेरच्या पाण्याची पातळी खडूनं किंवा टेपनं खूण करा. पंप बंद ठेवा, कुणाला उतरू देऊ नका. चोवीस तासांनी दोन्ही सारखंच उतरलं असेल तर पाणी उडालंय. बाहेरचं जास्त उतरलं असेल तर कुठंतरी गळतंय.

गळती आपल्याकडं जास्त महाग पडते, कारण खाली काळी माती. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पूल तिच्यावर थेट बसवला तर कधी एक कोपरा उचलतो, कधी दुसरा खचतो. बारीक तडा गेला की पाणी झिरपतं, माती आणखी फुगते, तडा मोठा होतो. म्हणून काळी माती खणून काढायची, बाजूलाही दोन-तीन फूट मोकळं करायचं, आणि मुरूम सहा-सहा इंचांच्या थरात पाणी मारून, दाबून भरायचा. एकदम ट्रॉली रिती करून वरून रोलर फिरवला तर खालचा थर पोकळच राहतो. पूलभोवती पावसाचं पाणी बाहेर काढणारी नाली हवीच. आणि एक गोष्ट मी कमिटीकडून लिहून घेतली की जुलै-ऑगस्टमध्ये पूल रिकामा करायचा नाही. बाहेर माती पाण्यानं तट्ट भरलेली आणि आत पूल रिकामा, अशा वेळी खालचं पाणी टाकं वर ढकलतं. काँक्रीटचं टाकं नावेसारखं उचलल्याची आणि तळाला तडे गेल्याची उदाहरणं आहेत.

तळातल्या जाळीबद्दल लोक कधीच विचारत नाहीत, म्हणून मीच काढतो. पंप तळाच्या जाळीतून पाणी ओढतो. जाळी एकच असेल आणि मुलाची पाठ, पोट किंवा मोकळे केस तिच्यावर गेले, तर सगळा ओढा त्या एका जागी येतो आणि मोठ्या माणसालाही ते मूल ओढून काढता येत नाही. अशा अपघातांनंतर अमेरिकेत २००७ मध्ये यासाठी वेगळा कायदाच झाला. उपाय अवघड नाही. जाळ्या दोन ठेवायच्या, निदान तीन फुटांच्या अंतरानं, दोन्ही एकाच पाइपला जोडलेल्या. एक झाकली गेली तरी पाणी दुसरीकडून येतं. जाळी सपाट नको, फुगीर आणि स्क्रूनं पक्की बसवलेली हवी. एखादा स्क्रू निघालेला दिसला तर त्या दिवशी पूल बंद. पंप बंद करायचं लाल बटण पंपाच्या खोलीत ठेवून उपयोग नाही, ते पूलच्या काठाजवळ, हाताशी पाहिजे.

हीच जाळी दुसऱ्या कामालाही येते. सकाळी चार फुटांच्या टोकाला उभं राहून पाहायचं. तळाच्या जाळीची भोकं स्पष्ट दिसली तरच कुलूप उघडायचं. आपल्या बोअरचं पाणी जड असतं, क्लोरीन टाकल्यावर कधी कधी दुधाळ होतं. लोक म्हणतात क्लोरीन आहे ना, मग चालतंय. अशा पाण्यानं आजार होईल न होईल, पण त्यात तळाला गेलेलं मूल दिसणार नाही.

आता जागेची मांडणी. पूल उत्तर-दक्षिण लांब ठेवला, उथळ टोक दक्षिणेला, कारण रस्ता आणि फाटक तिकडं. कपडे बदलायच्या खोल्या पश्चिमेला, पूलच्या लांबीला समांतर. त्यामागं कारण आहे. लोक पूलवर येतात संध्याकाळी पाचनंतर, आणि तेव्हा ऊन पश्चिमेकडून तिरपं येतं. दहा फूट उंच बांधकामाची सावली मेमध्ये पाचच्या सुमारास वीस फुटांच्या पुढं जाते, म्हणजे आठ फुटांचा काठ ओलांडून बहुतेक पाण्यावर येते. फरशी थंड होते, गरम वाराही अडतो. पण माझ्या लेखी खरा फायदा वेगळाच. पाण्यावर लक्ष ठेवणारा माणूस पश्चिमेच्या काठावर, भिंतीकडं पाठ करून बसतो, म्हणजे सूर्य त्याच्या पाठीमागं. तोच पूर्वेला बसवला असता तर समोरून येणारं ऊन पाण्यावर चमकलं असतं आणि तळाचं काहीच दिसलं नसतं. स्टूल लांबीच्या मधोमध, दोन फूट उंच. तिथून प्रत्येक कोपरा तीस फुटांच्या आत.

कपडे बदलायची खोली म्हणजे लोकांना भिंती आणि खुंट्या वाटतात. खरं तर तो एक रस्ता आहे, आणि त्या रस्त्यावर कोरडं आणि ओलं एकमेकांच्या आडवं येऊ नये एवढंच पाहायचं असतं. बायकांच्या बाजूनं चालून पाहू. फाटकातून आल्यावर चपला बाहेरच्या रॅकवर. आत शिरताच समोर आडवी भिंत, तिला वळसा घालून आत जायचं, त्यामुळं दार उघडं असलं तरी बाहेरून आतलं दिसत नाही. इकडं ही भिंत नसेल तर बाया पूलवर येतच नाहीत, हे मी एका दुसऱ्या ठिकाणी पाहिलंय. मग कोरडा भाग: बाकं, खुंट्या, तीन आडोसे. त्यांची दारं बाहेर उघडणारी, कारण आत कुणी भोवळ येऊन पडलं तर आत उघडणारं दार त्याच्याच अंगाला अडकतं. पुढं संडास, त्याच्या पुढं शॉवर. हा क्रम उलटा झाला की लोक आंघोळ करून संडासला जातात आणि तसेच पाण्यात उतरतात. शॉवरनंतर पायावर पाणी मारणारा नळ आणि मग दार, ते थेट अडीच फुटांच्या टोकाला उघडतं.

हे दार कुठं उघडतं यावर मी अडून बसलो होतो. वहीतल्या नकाशात ते आठ फुटांच्या टोकाला होतं, पंपाच्या पाइपला सोयीचं म्हणून. कपडे बदलून झालेलं पोरगं चालत बाहेर येत नाही, पळत येतं. ते पळत जिथं पोचेल तिथं उथळ पाणीच असलं पाहिजे, म्हणून त्या बाजूला बारा फूट मोकळा काठ सोडला.

खोलीतल्या फरशीला दर पाच फुटांना एक इंच उतार, भिंतीकडच्या नालीकडं. कमी ठेवला तर पाणी बाकाखाली साचतं, चिकट होतं, आणि सगळ्यात जास्त पडापडी तिथंच होते. फरशी खरखरीत. कोटा गुळगुळीत घासून घेऊ नका. विजेची बटणं कोरड्या भागात, आणि पूल-शॉवरची सगळी लाइन शॉक लागताच वीज तोडणाऱ्या ३० मिलीअँपिअरच्या आरसीसीबीवर. संध्याकाळी लाइन गेली की सगळ्यांनी पाण्याबाहेर यायचं. इन्व्हर्टरवर निदान दोन दिवे ठेवलेत ते तेवढ्यासाठीच, पोहत राहायला नाही.

पंपाची खोली याच ओळीत, उत्तर टोकाला, पण दार बाहेरच्या बाजूनं आणि कायम कुलूपबंद. ब्लीचिंग पावडर आणि अ‍ॅसिड एका कपाटात ठेवू नका. एकावर एक सांडलं तर क्लोरीन वायू निघतो आणि बंद खोलीत जीव घेतो. पाण्यावरचा कचरा ओढून घेणारा स्किमर काठाला असतो, पावसाळ्यात त्याचं झाकण हातानं न उचलता काठीनं उचलायचं. आत बेडूक असतो, आणि बेडकामागं कधी कधी सापही आलेला असतो.

कुंपण शेवटी येतं, कारण पैसे तोवर संपत आलेले असतात आणि कमिटी म्हणते, कॉलनीला भिंत आहेच की. कॉलनीची भिंत चोर अडवते. कॉलनीतलंच चार वर्षांचं पोर अडवायला पूलभोवती वेगळं कुंपण लागतं. निदान चार फूट उंच, उभ्या गजांचं, गजांमध्ये चार इंचांहून कमी अंतर. आडव्या पट्ट्या बाहेरच्या बाजूनं नकोत, त्या शिडी होतात. कुंपणाला लागून कुंडी, खुर्ची, कूलरचा स्टँड काहीही नको. फाटक आपोआप बंद होऊन कडी लागणारं, कडी पाच फूट उंचीवर, आणि फाटक बाहेर उघडणारं, म्हणजे मूल ढकलून आत जाऊ शकत नाही. तीन महिन्यांनी मी गेलो तेव्हा फाटकाला वीट लावून ठेवली होती. वॉचमन म्हणाला, "सारखं उघडा लागते ना जी." वीट मी उचलून घेऊन गेलो. एवढ्यानं भागलं नाही, दुसऱ्या खेपेला नवी वीट. मग स्प्रिंग थोडी सैल केली, फाटक उघडायला हलकं झालं, तेव्हा वीट गेली.

स्टूलच्या मागं भिंतीला दोन खुंट्यांवर चौदा फुटांचा हलका वेळू आडवा टांगलाय, टोकाला मोठं गोल वळण केलेलं. शेजारी दोरीची हवेची रिंग आणि पाटीवर १०८. बुडणारं मूल ओरडत नाही, हात आपटत नाही. तोंड पाण्याच्या वर-खाली होत ते उभं राहतं आणि अर्ध्या मिनिटात गप्प होतं. त्यामुळं आधी उडी न मारता वेळू पुढं करायचा असतो. १६ फूट रुंदीत कुठल्या ना कुठल्या काठावरून तो मधोमध पोचतोच. कमिटीनं विचारलं, वेळू चोरीला गेला तर? कुलपात ठेवू का? मी म्हटलं, गेला तर दुसरा आणा, कुलूप लावू नका.